दुकानात 240 ऑर्डर, डॅशबोर्डवर 289

"दादा, नमस्कार. मी नागपूरला महाल भागात राहते, घरूनच सावजी मसाला, काळा मसाला अन् तिखट करून ऑनलाइन विकते, तीन वर्षं झाली. एप्रिलमध्ये मेटा 171 ऑर्डर दाखवून राहिलं, गूगल 118, म्हणजे झाल्या 289, अन् माझ्या साइटच्या अॅडमिनमध्ये एकूण ऑर्डरच 240 आहेत, त्यातही कितीतरी व्हॉट्सअॅपवरच्या जुन्या बायकांच्या. कोण खोटं बोलून राहिलं? जाहिरातीचं काम पाहणारा पोरगा म्हणते की रिमार्केटिंगची ऑर्डर 114 रुपयाला पडते अन् नवीन लोकांची 455 ला, तर नवीन लोकांची कॅम्पेन बंद करून सगळे पैसे रिमार्केटिंगला टाकू. टाकू का? स्क्रीनशॉट अन् कुरिअरची शीट जोडली आहे."
— महालातली मसालेवाली

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण पैसे त्यात अडकले आहेत: नका टाकू. निदान मी खाली सांगतो ते तपासल्याशिवाय तर अजिबात नाही. रिमार्केटिंग म्हणजे जे आधी साइटवर येऊन गेले किंवा माल घेऊन गेले त्यांनाच परत दाखवलेली जाहिरात, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आता कोण खोटं बोलतंय त्याबद्दल. कोणीच नाही. कळमन्याला संत्र्याचा सौदा होतो तेव्हा दोन दलाल मध्ये असले की दोघंही आपापल्या डायरीत लिहितात की हा सौदा आपण जमवला, आणि दोघांचंही थोडं थोडं खरं असतं, पण गाडी एकच गेलेली असते. मेटाची डायरी मेटाकडे, गूगलची गूगलकडे, एकमेकांची डायरी कोणी पाहत नाही. गाडी किती गेल्या ते फक्त तुमच्या अॅडमिनमध्ये आहे. म्हणून त्या दोघांचे आकडे जोडायचेच नसतात, ती बेरीजच चुकीची आहे.

पण "जमवला" म्हणायला त्यांना काय पुरतं, हे कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. त्याला अॅट्रिब्युशन विंडो म्हणतात, म्हणजे जाहिरातीनंतर किती दिवसांच्या आत झालेली खरेदी त्या जाहिरातीच्या नावावर धरायची त्याची मुदत. तुमच्या मेटाच्या अकाउंटला जी आधीपासून सेट असते तीच चालू आहे, 7 दिवस क्लिक आणि 1 दिवस व्ह्यू. क्लिकचं सोपं आहे, बाईने जाहिरातीवर टॅप केलं आणि सात दिवसांच्या आत कधीही तुमच्या साइटवर ऑर्डर टाकली की ती मेटाची, मग ती सातव्या दिवशी व्हॉट्सअॅपवरच्या तुमच्या लिंकवरून आली असली तरी चालतं. व्ह्यूचं मात्र नीट समजून घ्या. त्यात टॅप करावंच लागत नाही. इन्स्टाग्राम वर सरकवताना तुमची जाहिरात स्क्रीनवर येऊन गेली, तिने पाहिली का नाही देव जाणे, आणि त्यानंतर 24 तासांत त्या बाईने कुठूनही येऊन ऑर्डर टाकली, तर ती ऑर्डर मेटाच्या खात्यात चढते. तुमच्या साइटवर पिक्सेल नावाचा जो छोटा कोड बसवला आहे तो मेटाला सांगतो की अमक्या फोन नंबरची, अमक्या ब्राउझरची खरेदी झाली, मेटा आपल्या वहीत पाहतं की हिला काल संध्याकाळी जाहिरात दाखवली होती, झालं. म्हणजे वेळ जुळली एवढाच पुरावा. जाहिरातीमुळे घेतलं की नाही हे त्यात कुठेच तपासलेलं नाही.

एक ऑर्डर घेऊन पाहू. समजा मनीषनगरातली एक बाई आहे, दोनदा तुमचा काळा मसाला घेतलेली. डबा संपत आला. शुक्रवारी दुपारी साडेतीनला ती फोन चाळत बसली होती, तुमची रिमार्केटिंगची जाहिरात डोळ्यासमोरून गेली, तिने काही दाबलं नाही. संध्याकाळी सातला तुमचा व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्ट गेला की नवीन घाण्याचा मसाला तयार आहे. तिने तो वाचला, स्वयंपाक आटोपला, साडेआठला लिंक शोधायचा कंटाळा म्हणून सरळ गूगलवर तुमच्या ब्रँडचं नाव टाकलं, सगळ्यात वर तुमचीच जाहिरात आली, त्यावर दाबलं, ऑर्डर टाकली, कॅश ऑन डिलिव्हरी. आता पाहा, अॅडमिनमध्ये एक ऑर्डर. मेटामध्ये एक ऑर्डर, 1 दिवस व्ह्यू. गूगलमध्ये एक ऑर्डर, कारण तिथे सर्च जाहिरातीवर क्लिक झालं, आणि गूगलची क्लिकची मुदत आधीपासून 30 दिवस सेट असते. आणि ज्या ब्रॉडकास्टने खरंच ऑर्डर आणली त्याला डॅशबोर्डच नाही, म्हणून त्याच्या नावावर शून्य. 240 च्या जागी 289 असेच होतात.

आता तुमचे स्क्रीनशॉट. तुम्हाला मेटाने 171 असा एकच आकडा दिलाय, पण तो फोडता येतो. अॅड्स मॅनेजरमध्ये Columns च्या मेनूत `Compare attribution settings` असं आहे, त्यात 1-day click, 7-day click आणि 1-day view वर टिक करायची, की प्रत्येकाचा वेगळा रकाना येतो. तुमच्या पोराने हे करून स्क्रीनशॉट पाठवला हे चांगलं केलं, फक्त त्याकडे लक्ष दिलं नाही. तुमच्या दोन कॅम्पेन आहेत. नवीन लोकांच्या कॅम्पेनला 30,000 रुपये गेले आणि 66 ऑर्डर दिसल्या, त्यातल्या 54 क्लिकच्या आणि 12 व्ह्यूच्या. रिमार्केटिंगला 12,000 गेले आणि 105 ऑर्डर दिसल्या, त्यातल्या 34 क्लिकच्या आणि 71 व्ह्यूच्या. हे 71 पुन्हा एकदा वाचा ताई. रिमार्केटिंगच्या दर तीन ऑर्डरींमधल्या दोन अशा आहेत जिथे बाईने जाहिरातीवर बोटही ठेवलं नाही.

फक्त क्लिकवर हिशोब केला तर रिमार्केटिंगची ऑर्डर 114 ला नाही, 353 रुपयाला पडते, आणि नवीन लोकांची 455 च्या जागी 556 ला. फरक अजून आहे, पण चौपटीचा होता तो दीडपटीवर आला, आणि तोही ज्या लोकांना तुम्ही आधीच माहीत आहात त्यांच्या बाजूने, तो तर असणारच.

पोरावर रागावू नका, कारण हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. मी एका एजन्सीत होतो तेव्हा आमच्याकडे एक कपड्यांचं ऑनलाइन दुकान होतं. आम्ही दर महिन्याला डॅशबोर्ड पाहायचो, रिमार्केटिंगची ऑर्डर स्वस्त दिसायची, म्हणून नवीन लोकांचे पैसे काढून थोडे थोडे तिकडे सरकवत गेलो. पहिला महिना आकडे फार सुंदर आले, मालकही खूश. दुसऱ्या महिन्यात डॅशबोर्ड अजूनही बरा होता पण दुकानात नवीन नावं यायची थांबली होती, आणि तिसऱ्या महिन्यात रिमार्केटिंगच आटलं, कारण ती जाहिरात साइटवर येऊन गेलेल्यांनाच दिसते आणि साइटवर नवीन कोणी यायलाच तयार नव्हतं. त्या माणसाने दोन कारागीर कमी केले. तेव्हापासून मी व्ह्यूचा रकाना वेगळा काढल्याशिवाय कुणालाही बजेट हलवायला सांगत नाही.

तुमच्या बाबतीत संशय घ्यायला आणखी एक ठोस कारण आहे. मेटाचा रिपोर्ट दिवसवार फोडला तर व्ह्यूच्या त्या 71 पैकी 46 ऑर्डर शुक्रवार-शनिवारच्या ओळीत आहेत. एप्रिलमधले असे आठच दिवस. आणि तुमचा ब्रॉडकास्ट दर शुक्रवारी संध्याकाळी जातो, हे तुम्हीच लिहिलंय शीटमध्ये. रिमार्केटिंगच्या ऑडियन्समध्ये तुम्ही साइटवर येऊन गेलेल्यांसोबत जुन्या ग्राहकांचे 1,400 नंबरही टाकले आहेत. म्हणजे ज्या बायकांना शुक्रवारी तुमचा मेसेज जातो त्याच बायकांना मेटा आठवडाभर जाहिरात दाखवतंय, त्या शुक्रवारी रात्री ऑर्डर टाकतात, आणि त्यांच्यापैकी जिला मागच्या 24 तासांत जाहिरात दिसली ती मेटाच्या हिशोबात जाते. रोज इतक्या कमी लोकांना जाहिरात दाखवल्यावर ती जवळजवळ सगळ्यांना दिसलेलीच असते, तेव्हा व्ह्यूचा आकडा फुगायला काहीच लागत नाही. अॅडमिनचंही तेच म्हणणं आहे, 240 पैकी 97 ऑर्डर जुन्या ग्राहकांच्या आहेत.

याचा अर्थ व्ह्यूच्या सगळ्या ऑर्डरी फुकटच्या असतात असं नाही, आणि असं सरसकट म्हणणारे लोकही चुकतात. नवीन लोकांच्या कॅम्पेनमधल्या त्या 12 वर मी जास्त विश्वास ठेवेन. तुमचं रस्त्यावर दुकान नाही, बोर्ड नाही, पुण्यातल्या हडपसरच्या बाईला तुमचं नाव कळायला दुसरा रस्ताच नाही. तिने रील पाहिली, दाबलं नाही, नंतर नाव आठवून शोधलं आणि घेतलं, हे अगदी होतं. तिथे जाहिरात नसती तर ऑर्डर आली नसती असं म्हणता येतं. जुन्या ग्राहकाबद्दल तसं म्हणता येत नाही, तिच्या घरी तुमचा डबा आहे. रकाना तोच, मुदत तीच, पण समोरचा माणूस कोण आहे त्यावर त्या आकड्याची किंमत ठरते.

गूगलचं थोडक्यात. त्यांच्या 118 मध्ये व्ह्यू मिसळलेले नाहीत, ते `View-through conv.` नावाच्या वेगळ्या रकान्यात असतात, त्यामुळे तिथे ती भानगड कमी. पण सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडून पाहा की किती ऑर्डरी तुमच्या ब्रँडचंच नाव टाकून आल्या आहेत. माझा अंदाज आहे की निम्म्याच्या वर असतील, आणि त्या बायका तुम्हालाच शोधत होत्या, जाहिरात नसती तर खालच्या फुकटच्या लिंकवर दाबलं असतं. ब्रँडच्या नावाची कॅम्पेन वेगळी काढा आणि "सावजी मसाला ऑनलाइन" सारख्या शब्दांची वेगळी, मग कळेल गूगल खरंच कोणाला नवीन आणतंय.

आता एक गोष्ट जिच्यामुळे तुम्ही रोज रात्री वही घेऊन बसता आणि काहीच जुळत नाही. तारखा. तुमच्या अॅडमिनमध्ये ऑर्डर ज्या दिवशी पडली त्या दिवशी दिसते. मेटा ती ऑर्डर ज्या दिवशी जाहिरात पाहिली किंवा दाबली त्या दिवसाच्या ओळीत टाकतं. गूगलचा नेहमीचा रकानाही क्लिकच्या तारखेने चालतो. 28 एप्रिलला कोणी जाहिरात दाबली आणि 3 मेला घेतलं, तर तुमच्या वहीत ती मेची विक्री, त्या दोघांकडे एप्रिलची. म्हणून 1 मेला काढलेला एप्रिलचा रिपोर्ट हा पूर्ण रिपोर्टच नसतो, मेटाचा आकडा 7-8 मेपर्यंत वर सरकत राहतो आणि गूगलचा तर 30 दिवसांच्या मुदतीमुळे मे संपेपर्यंत थोडा थोडा वाढतो. मागच्या महिन्याचा आकडा वाढला म्हणून कोणी गडबड केली असं समजू नका. गूगलमध्ये `Conversions (by conv. time)` असा रकाना जोडता येतो, तो ऑर्डरच्या तारखेने मोजतो, वहीशी पडताळायचं असेल तर तोच लावा. रोजचा रोज ताळा लावायचं मात्र सोडाच, महिन्याचा लावा, आणि तोही पुढच्या महिन्याच्या 10 तारखेनंतर.

मध्येच एक खात्री करून घ्या, कारण कधीकधी दोष मुदतीचा नसतोच, बसवलेल्या यंत्रणेचा असतो. तुमच्याकडे पिक्सेलही आहे आणि सर्व्हरवरून जाणारं कन्व्हर्जन्स एपीआयही आहे असं दिसतं. दोघं एकाच खरेदीची खबर देतात, आणि दोन्हीत `event_id` सारखा असला तरच मेटाला कळतं की ही एकच ऑर्डर आहे, नाहीतर दोन धरली जातात. गूगलमध्ये तेच काम `transaction_id` करतो, तो नसला तर बाईने "ऑर्डर मिळाली, धन्यवाद" चं पान पुन्हा उघडलं की परत एक मोजली जाऊ शकते. तपासायचं कसं, तर स्वतःच एक ऑर्डर टाका, धन्यवादचं पान दोनदा रिफ्रेश करा, आणि मेटाच्या इव्हेंट्स मॅनेजरमध्ये खरेदीची नोंद किती वेळा आली आणि एकमेकींत मिळवली गेली का ते पाहा. ओळखायची खूण अशी की मेटाचा नुसता क्लिकचा आकडाच अॅडमिनच्या एकूण ऑर्डरीच्या जवळ जायला लागला तर डबल मोजणीचा वास घ्यायचा. तुमच्याकडे क्लिकचे 88 आहेत, 240 पैकी, त्यामुळे मला तसं वाटत नाही, पण दहा मिनिटांचं काम आहे, करून टाका.

आता खरं उत्तर कसं काढायचं. डॅशबोर्डला कितीही उलटं-सुलटं केलं तरी तो एवढंच सांगेल की कोणाला जाहिरात दिसली आणि कोणी घेतलं. जाहिरात नसती तर घेतलं असतं का, हे कळायला जाहिरात काही लोकांपुरती बंदच करावी लागते. सरळ दोन आठवडे सगळीकडे बंद केली तर एक अडचण आहे, तुमचा सीझन. मार्च ते मे वर्षभराचा मसाला भरायचे दिवस, मेच्या शेवटी विक्री तशीही उतरणार, मग उतार जाहिरातीमुळे की मोसमामुळे हे कळणार नाही. म्हणून जागा वाटून करा. रिमार्केटिंग विदर्भात चालू ठेवा आणि पुणे-मुंबईत तीन आठवडे बंद करा. मोसम दोन्हीकडे सारखाच उतरेल, ब्रॉडकास्ट दोन्हीकडे सारखाच जाईल, फरक फक्त त्या जाहिरातीचा राहील. नवीन लोकांची कॅम्पेन दोन्हीकडे जशी आहे तशी, खाली सांगितलेली एक दुरुस्ती सोडली तर तिला हात लावू नका, आणि या तीन आठवड्यांत एखाद्या गावापुरती फ्री डिलिव्हरी वगैरे काढू नका.

मोजायचं अॅडमिनमधून, शहरावरून किंवा पिनकोडवरून. तुमच्या शीटप्रमाणे आधीच्या तीन आठवड्यांत विदर्भातून 96 ऑर्डर आहेत आणि पुणे-मुंबईतून 60. आता मेटाचं म्हणणं शब्दशः खरं असेल तर रिमार्केटिंग तुमच्या 240 पैकी 105 ऑर्डर आणतं, म्हणजे जवळपास 44 टक्के, मग ते बंद केल्यावर पुणे-मुंबई 60 वरून 34 च्या आसपास यायला हवी. फक्त क्लिकचे 34 खरे असतील तर तो वाटा 14 टक्के, म्हणजे 60 चे 52 व्हायला हवेत. विदर्भाचा आकडा मोसमाने खाली गेला तर तेवढ्याच प्रमाणात दोन्ही अपेक्षा खाली ओढा, उदाहरणार्थ विदर्भ 96 चे 80 झाले तर पुणे-मुंबईचे 60 हे मुळात 50 धरायचे आणि त्यावरून टक्के काढायचे.

याची मर्यादाही सांगून ठेवतो, म्हणजे नंतर भलताच निष्कर्ष निघणार नाही. 60 ऑर्डरीचा आकडा काहीही न करता, नुसत्या योगायोगाने सात-आठने वर-खाली होतोच. त्यामुळे 60 चे 34 झाले तर ते स्पष्ट दिसेल आणि मी म्हणेन मेटाचं बरोबर होतं, रिमार्केटिंग लगेच चालू करा. पण 60 चे 54 झाले तर क्लिकचा हिशोब खरा की रिमार्केटिंगने काहीच आणलं नाही, यातलं कोणतं ते या चाचणीतून सांगता येणार नाही. एवढं मात्र नक्की कळेल की ते 105 नव्हते, आणि तुमचा प्रश्न सगळे पैसे तिकडे टाकायचा आहे, त्याला एवढं पुरतं.

चाचणी चालू असतानाच दोन दुरुस्त्या करून घ्या. नवीन लोकांच्या कॅम्पेनमधून जुन्या ग्राहकांचे 1,400 नंबर वगळा, नाहीतर त्या आकड्यातही जुन्या बायका शिरतात. हे सुरुवातीलाच करा म्हणजे दोन्हीकडे सारखं लागू होईल. आणि ब्रॉडकास्टच्या लिंकला शेपूट लावा, म्हणजे त्याला स्वतःची डायरी मिळेल:

```
?utm_source=whatsapp&utm_medium=broadcast&utm_campaign=shukravar
```

लिंकच्या शेवटी हे जोडलं की अॅडमिनमध्ये किंवा अॅनालिटिक्समध्ये ती ऑर्डर व्हॉट्सअॅपवरून आली असं दिसेल. मनीषनगरच्या त्या बाईसारखी कोणी गूगलवरून फिरून आली तर ती यात सापडणार नाही, म्हणून चेकआउटनंतर एक साधा प्रश्नही ठेवा, "आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?", उत्तरं चार, इन्स्टाग्राम, मैत्रीण-नातेवाईक, गूगल, आधीपासून घेते. लोक अंदाजे उत्तर देतात, तरी "आधीपासून घेते" हे सहसा चुकत नाही, आणि आपल्याला तेच हवंय.

चाचणी संपल्यावर रिमार्केटिंग परत चालू कराल तेव्हा नवीन अॅड सेट करून त्यात मुदत फक्त 7 दिवस क्लिक ठेवा. ही सेटिंग नुसती रिपोर्टची नाही. मेटा जाहिरात कोणाला दाखवायची हे त्याच मुदतीतल्या खरेदीवरून शिकतं, व्ह्यू धरला तर उद्या तशाही घेणाऱ्या बायकांना जाहिरात दाखवणं हा त्याच्यासाठी सगळ्यात सोपा रस्ता असतो. रिपोर्टमध्ये ऑर्डरी एकदम कमी झालेल्या दिसतील, त्यावरून घाबरू नका, अॅडमिन पाहा.

आणि पैशाचा हिशोब डॅशबोर्डवर करणं थांबवा, कारण तिथे कॅश ऑन डिलिव्हरीचे परत आलेले डबे वजा होतच नाहीत. ऑर्डर पडली त्या क्षणी खरेदी मोजली गेली, नंतर कुरिअरवाल्याने "ग्राहक फोन उचलत नाही" म्हणून डबा परत आणला तरी मेटाला त्याची खबर नाही. तुमच्या एप्रिलच्या 240 पैकी 138 सीओडी होत्या आणि 29 परत आल्या. म्हणजे खरे पैसे 211 ऑर्डरींचे. सरासरी 850 धरले तर विक्री 1,79,350, आणि दोन्हीकडे मिळून जाहिरातीला 60,000 गेले, म्हणजे एका रुपयाला साधारण तीन रुपयांची विक्री. मेटा तुम्हाला साडेतीन म्हणत होतं आणि गूगल साडेपाच, आणि दोघांचाही खर्च एकत्र धरल्यावर खरा आकडा दोघांच्याही खाली निघाला.

त्याहून कामाचा एक आकडा आहे जो कोणताच डॅशबोर्ड दाखवत नाही. 240 मधून जुन्या ग्राहकांच्या 97 काढल्या तर 143 नवीन उरतात. त्यांच्यावर अख्खे 60,000 टाकले तर एक नवीन ग्राहक साधारण 420 रुपयांना पडला, त्यातल्या काही तर बहिणीने सांगितलं म्हणूनही आल्या असतील, आणि परत आलेले डबे धरले तर थोडा महागच. एका ऑर्डरीतून मिरची-धण्याची खरेदी, पॅकिंग, कुरिअर जाऊन तुमच्या हातात किती राहतं ते तुम्हालाच माहीत. समजा 330 राहत असतील, तर पहिल्या ऑर्डरीला तुम्ही 90 रुपये घालवता आणि दुसरीला कमावता. तुमच्याकडे 97 ऑर्डरी परत आलेल्या बायकांच्या आहेत, म्हणजे दुसरी ऑर्डर येते, आणि तीही ब्रॉडकास्टवर, फुकटात. नवीन लोकांची कॅम्पेन बंद केली तर पुढच्या वर्षीचा ब्रॉडकास्ट कोणाला पाठवणार, हे त्या पोरासोबत बसून एकदा बोला.

पुढच्या सोमवारपासून पुणे-मुंबईत बंद करा, एकविसाव्या दिवसानंतर अॅडमिनमधले विदर्भाचे आणि पुणे-मुंबईचे दोनच आकडे मला पाठवा. मेटाचा स्क्रीनशॉट यावेळी नको.